घसा खवखवतोय: टेस्ट आज करायची की परवा?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

इयरफोन नीट लावा, कारण आज विषय घशाचा आहे आणि माझा स्वतःचा आवाज आज जरा बसलेलाच आहे. काल दवाखान्यात दिवसभर बोलून बोलून झालंय ते, दुसरं काही नाही. पण बघा, हे "दुसरं काही नाही" आपण किती सहज म्हणून टाकतो ना? आजचा भाग त्याच वाक्यावर आहे. घसा खवखवायला लागला, तर तो कोरोना असू शकतो का? असला तर टेस्ट कधी करायची? आणि घरच्यांपासून, रूममेटपासून लांब राहायचं ते नेमकं कधीपासून कधीपर्यंत?

सुरुवात एका जुन्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डपासून करू. मार्च २०२० मध्ये तुमच्यापैकी प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर तो आला असणार. हा विषाणू म्हणे चार दिवस घशातच बसून राहतो, तेवढ्यात गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या केल्या की तो मरतो, फुप्फुसात उतरतच नाही. सोबत एका माणसाचं चित्र, घशात हिरवे ठिपके. काका, मामा, आत्या, सगळ्यांनी तो पुढे ढकलला.

गंमत अशी, की त्यातला अर्धा भाग खरा निघाला. हा विषाणू पहिल्यांदा सापडतो तो घशातच. हे कळलं ते इंग्लंडमधल्या एका विलक्षण प्रयोगातून. तिशीच्या आतले ३६ निरोगी तरुण स्वयंसेवक निवडले, ज्यांना आधी कोरोना झाला नव्हता आणि लसही मिळाली नव्हती. त्यांच्या नाकात मुद्दाम, अगदी मोजून, विषाणूचा थेंब सोडला. मग त्यांना देखरेखीखाली ठेवून रोज घशाचा आणि नाकाचा स्वॅब घेतला. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ जणांना लागण झाली. आता लक्ष द्या, थेंब नाकात सोडला होता, पण विषाणू आधी सापडला घशात, साधारण ४० तासांनी. नाकात सापडायला साधारण ५८ तास लागले. पुढे मात्र नाकाने घशाला मागे टाकलं. पाचव्या दिवसाच्या आसपास विषाणूचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं आणि ते नाकात घशापेक्षा जास्त होतं.

म्हणजे घसा आधी, नाक नंतर, पण जास्त. हे लक्षात ठेवा, कारण टेस्टचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आणि फॉरवर्डचा उरलेला अर्धा भाग? तो चूकच. विषाणू घशात पाहुण्यासारखा बसलेला नसतो. तो पेशींच्या आत शिरून स्वतःच्या प्रती काढत असतो. गुळणीचं पाणी वरवरून जातं, पेशीच्या आत पोहोचत नाही. गुळण्या जरूर करा, सूज आलेल्या घशाला त्याने बरं वाटतं. पण गुळण्या केल्या म्हणून आजीच्या शेजारी बसून जेवायला हरकत नाही, असं होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, २०२० मध्ये तर सगळे ताप, कोरडा खोकला आणि वास जाणं, याबद्दल बोलत होते. घसा कुठून आला मध्येच? बरोबर आहे. चित्र बदललं ते ओमायक्रॉनपासून, म्हणजे २०२१ च्या शेवटापासून. हाँगकाँगच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत बघितलं, तर ओमायक्रॉन हा श्वासनलिकांच्या ऊतीत डेल्टापेक्षा साधारण ७० पट वेगाने वाढत होता, आणि फुप्फुसाच्या ऊतीत मात्र आधीच्या विषाणूपेक्षा बराच कमी. वरच्या मजल्यावर धिंगाणा, खालच्या मजल्यावर तुलनेने शांतता. ब्रिटनमध्ये लोक मोबाईल अ‍ॅपवर आपली लक्षणं रोज नोंदवत होते. त्यात डेल्टाच्या वेळी साधारण ६१ टक्के रुग्णांनी घसादुखी नोंदवली होती, ओमायक्रॉनच्या वेळी ती साधारण ७० टक्के झाली. आणि वास जाण्याचं प्रमाण ५३ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलं. त्यामुळे "मला कॉफीचा वास येतोय, म्हणजे कोरोना नाही" हा जो घरगुती निकष आपण लावायचो, तो आता निवृत्त करा.

२०२५ च्या मे-जूनमध्ये तर बातम्यांमध्ये "ब्लेड गिळल्यासारखा घसा" हा शब्दप्रयोग फिरत होता. नवा उपप्रकार आला की असं काहीतरी नाव चिकटतं. पण घसा खूप दुखतोय म्हणजे कोरोनाच, आणि जरासाच दुखतोय म्हणजे नाही, असं काही नसतं. दुखण्याच्या तीव्रतेवरून विषाणू ओळखता येत नाही.

मग घसा कशाकशाने दुखतो? साध्या सर्दीच्या विषाणूंनी, फ्लूने, रात्रभर एसी तोंडावर घेऊन झोपल्याने, अ‍ॅसिडिटीने. अ‍ॅसिडिटीचा घसा सकाळी उठल्यावर जळजळतो आणि दिवस चढला की कमी होतो. अ‍ॅलर्जीचा घसा दुखण्यापेक्षा खाजतो, सोबत डोळे-नाक खाजतं आणि ताप नसतो. एक मात्र वेगळा ओळखायला हवा, तो म्हणजे जिवाणूमुळे, स्ट्रेप्टोकोकसमुळे दुखणारा घसा. तो अचानक दुखायला लागतो, ताप चांगला चढतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजतात आणि हात लावला की दुखतात. आणि विशेष म्हणजे खोकला, सर्दी जवळपास नसतेच. असा घसा डॉक्टरांना दाखवा, त्याला अँटिबायोटिक लागू शकतं. बाकीच्यांना नाही. मेडिकलमधून परस्पर अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणून खाणारे लोक मला आठवड्याला भेटतात. विषाणूवर त्या पट्टीचा काडीचा उपयोग नाही.

पण खरं सांगू का, पहिल्या दिवशी, नुसता घसा खवखवत असताना, सर्दी आणि कोरोना यातला फरक मलाही टॉर्च मारून सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. म्हणून टेस्ट.

घरच्या टेस्टचं किट आपल्याकडे २०२१ पासून मिळतं. पहिलं किट पुण्याच्याच कंपनीचं होतं, आयसीएमआरने मान्यता दिलेलं. पद्धत सोपी आहे. कापसाची काडी एका नाकपुडीत दोन ते चार सेंटिमीटर आत घालायची, पाचदा गोल फिरवायची, तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत तशीच. मग नळीतल्या द्रवात घुसळायची, पट्टीवर दोन थेंब टाकायचे, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. सी पाशी रेघ यायलाच हवी, ती नसेल तर टेस्ट वाया गेली. टी पाशी रेघ आली तर पॉझिटिव्ह, मग ती कितीही फिकट असो. "डॉक्टर, अगदी पुसट आहे, उजेडात धरली तरच दिसते." दिसते ना? मग आहे. पण हे वेळेत वाचायचं. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. किटनुसार थेंब आणि वेळ बदलतात, डबीतला कागद वाचा.

आता मुख्य गोष्ट. ही टेस्ट विषाणूचं प्रथिन शोधते, आणि ते पुरेसं असेल तरच रेघ उमटते. आणि आपण काडी कुठे घालतो? नाकात. विषाणू आधी कुठे असतो? घशात. कळलं?

यात आणखी एक भर पडली आहे. २०२० मध्ये आपल्या शरीराला हा विषाणू अनोळखी होता. आता आपल्यापैकी जवळपास सगळ्यांना लस किंवा लागण, किंवा दोन्ही, होऊन गेलंय. त्यामुळे शरीर विषाणूला लवकर ओळखतं आणि लवकर आरडाओरडा करतं. घसा दुखणं, अंग कसकसणं हा पुष्कळसा आपल्याच प्रतिकारशक्तीचा आवाज असतो. म्हणजे लक्षणं आता आधी येतात आणि विषाणूचं शिखर नंतर. लस घेतलेल्या, आधी लागण झालेल्या लोकांमध्ये हे शिखर लक्षणांच्या साधारण चौथ्या दिवशी येतं, असं आढळलंय. साहजिकच पहिल्या दिवशी घरची टेस्ट बऱ्याच खऱ्या रुग्णांना सरळ निगेटिव्ह दाखवते. अमेरिकेच्या एफडीएने म्हणूनच २०२२ मध्ये सांगितलं, की लक्षणं असतील आणि पहिली टेस्ट निगेटिव्ह आली, तर ४८ तासांनी दुसरी करा. लक्षणं नसतील, नुसता संपर्क आला असेल, तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीन.

मग काडी घशातच फिरवली तर? हा प्रश्न मला हमखास येतो. किटमधला द्रव नाकातल्या नमुन्यासाठी बेतलेला असतो. तोंडात नुकतंच प्यायलेलं लिंबूसरबत, कोल्ड्रिंक असं आंबट काही असेल तर खोटी टी रेघसुद्धा येऊ शकते. कोल्ड्रिंकचा थेंब टाकून पट्टी पॉझिटिव्ह करणारे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, ते याच कारणाने. तेव्हा किटवर नाक लिहिलंय तर नाकच. घाई असेल, आजच कळायला हवं असेल, तर आरटीपीसीआर करा. ती अगदी थोडा विषाणूही पकडते आणि त्यात घशाचा नमुनाही घेतात.

हे सगळं एका उदाहरणात बसवून बघू. समजा, एक पोरगी आहे, वय २४, हिंजवडीत नोकरी, वाकडला दोघींबरोबर फ्लॅट. रविवारी रात्री ऑफिसमधल्या मित्राच्या वाढदिवसाला सगळे एसी हॉटेलात दोन तास एका टेबलावर बसले. मंगळवारी त्या मित्राचा ग्रुपवर मेसेज, "मी पॉझिटिव्ह." बुधवारी संध्याकाळी हिचा घसा खवखवायला लागला. आणि येत्या रविवारी सांगलीला आजीचं सहस्रचंद्रदर्शन. आजीला मधुमेह. शुक्रवारी रात्रीची स्लीपर बुक.

रविवार ते बुधवार, तीन दिवस. ओमायक्रॉनच्या घराण्यातल्या विषाणूला लागण ते लक्षण एवढाच वेळ लागतो. म्हणजे हिचा घसा "एसीमुळे" असण्यापेक्षा कोरोनामुळे असण्याची शक्यता टेस्टच्या आधीच भक्कम आहे. बुधवार हा हिचा शून्यावा दिवस, मोजणी तिथून.

गुरुवारी सकाळी ती घरी टेस्ट करते. निगेटिव्ह. इथे बहुतेक लोक काय करतात? फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात, आई म्हणते "देव पावला", आणि शुक्रवारी रात्री बस. चाळीस माणसं, बंद खिडक्या, आठ-दहा तासांचा नाही तरी पाचेक तासांचा प्रवास, आणि सकाळी आजीच्या गळ्यात पडणं. आणि तो दिवस कुठला? लक्षणांचा तिसरा. विषाणू शिखराकडे निघालेला.

तिने काय करावं? गुरुवारच्या निगेटिव्हला "अजून माहीत नाही" असं वाचावं. संपर्क आलाय, लक्षण आहे, मग त्या क्षणापासून वेगळं राहावं, टेस्टची वाट न बघता. शुक्रवारचं तिकीट रद्द करून फार तर शनिवार रात्रीचं घ्यावं. दुसरी टेस्ट शनिवारी सकाळी. किंवा गुरुवारीच आरटीपीसीआरला नमुना द्यावा, म्हणजे रिपोर्ट येईल आणि आईला वेळेवर सांगता येईल.

समजा, शनिवारी सकाळी फिकट रेघ आली. पॉझिटिव्ह. आरटीपीसीआरने पक्कं करायची गरज नाही, घरच्या टेस्टचं पॉझिटिव्ह आयसीएमआरनेही खरंच धरायला सांगितलं होतं. सांगलीचं जाणं गेलं. वाईट वाटतं, रडूही येतं. व्हिडिओ कॉलवर आजीला ओवाळलेलं बघावं लागतं.

आणि समजा, शनिवारीही निगेटिव्ह आली? मग कोरोनाची शक्यता बरीच कमी झाली, पण घसा तर दुखतोय ना? फ्लू असेल तर ऐंशीच्या आजीला तोही सोपा नाही. अशा वेळी ताप नसेल तर जावं, पण एन-९५ मास्क लावून, आजीच्या मांडीवर डोकं न ठेवता, बसायचं अंगणात किंवा मंडपात, आतल्या खोलीत नाही.

आता वेगळं राहण्याचे दिवस. यावर नियम इतक्यांदा बदललेत की लोक वैतागले. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णांसाठी नियम आला, पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नको. अमेरिकेने त्याच सुमारास पाच दिवस घरात आणि पुढचे पाच दिवस मास्क असं सांगितलं. मग मार्च २०२४ मध्ये त्यांनी दिवसांची मोजणी सोडली आणि म्हणाले, गोळीशिवाय २४ तास ताप नको, एकूण बरं वाटायला हवं, मग बाहेर पडा आणि पुढचे पाच दिवस मास्क, हवा खेळती वगैरे काळजी घ्या.

यात मला स्वतःला पटतं ते सांगतो. माणूस लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरवायला लागतो आणि सुरुवातीचे पाच दिवस सगळ्यात जास्त. इंग्लंडच्या त्या प्रयोगात जिवंत विषाणू सरासरी साडेसहा दिवस सापडत होता. म्हणून पाच पूर्ण दिवस घरात, आणि दहाव्या दिवसापर्यंत मास्क, हे तरुण माणसाला झेपणारं गणित आहे. आपल्या पोरीसाठी, बुधवार शून्य, म्हणजे पुढचा सोमवार पाचवा दिवस. ताप गेलेला असेल तर मंगळवारी मास्क लावून ऑफिस. डबा मात्र एकटीने, कारण मास्क काढून पाच जणींनी एका टेबलावर जेवणं म्हणजे मास्क न लावणंच. हे पुढच्या शनिवारपर्यंत. आजीकडे त्यानंतर. आधीच जायचं असेल तर ४८ तासांच्या अंतराने दोन घरच्या टेस्ट निगेटिव्ह आल्यावर. यासाठी आरटीपीसीआर करू नका. ती विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते आणि बऱ्या झालेल्या माणसाला कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते.

"डॉक्टर, वेगळं राहायचं म्हणजे कुठे? आमचं वन बीएचके आहे." खरंय. विलगीकरणाच्या सूचना लिहिणाऱ्यांची घरं बहुधा मोठी असतात. हा विषाणू हवेतून पसरतो, तेव्हा भांडी वेगळी घासण्यापेक्षा हवेचा विचार आधी करा. आजारी माणसाने खिडकीपाशी झोपायचं, खिडकी उघडी, एसी बंद. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीबाहेर करा. आतली हवा बाहेर फेकली जाते. स्वयंपाकघरातला, बाथरूममधला एक्झॉस्ट चालू ठेवा. बाथरूम शेवटी वापरा. जेवण गॅलरीत किंवा वेगळ्या वेळी. घरात कुणी म्हातारं असेल तर दाराची खोली त्यांना द्या आणि आजारी माणूस हॉलमध्ये, उलटं नाही. आणि मास्क दोघांनीही.

रूममेट्सना लक्षणं नसतील तर त्यांनी पाच-सहा दिवस घशाकडे लक्ष ठेवायचं, बाहेर मास्क लावायचा. त्यांच्या घरी कुणी जोखमीचं असेल तर टेस्ट.

मग टेस्ट प्रत्येक खवखवीला करायची का? नाही. तुम्ही एकटे राहता, सुट्टी आहे, घरातच पडून राहणार आहात, तर रेघ आली काय आणि नाही आली काय, तुम्ही तेच करणार. पॅरासिटामॉल, पाणी, झोप. किटचे पैसे वाचवा. टेस्टला अर्थ तेव्हा, जेव्हा निकालावरून काहीतरी बदलणार आहे. घरी साठी ओलांडलेलं कुणी आहे, कुणाला मधुमेह आहे, कुणाची केमोथेरपी चालू आहे, कुणी गरोदर आहे, तुम्ही स्वतः हॉस्पिटलमध्ये काम करता. किंवा आजारी पडलेली व्यक्तीच अशी जोखमीची आहे. तिच्या बाबतीत तर उशीर नकोच, कारण कोरोनावरची विषाणूरोधक औषधं लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तरच कामाची. आजीचा घसा दुखला तर ४८ तास थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर आणि आरटीपीसीआर.

शेवटी, टेस्टबिस्ट बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा, अशा काही खुणा सांगतो. थुंकी गिळता येत नाहीये, तोंड नीट उघडत नाहीये, आवाज तोंडात गरम बटाटा ठेवल्यासारखा येतोय, घसा एकाच बाजूला सुजलाय, ही टॉन्सिलमागे पू झाल्याची लक्षणं असू शकतात. दम लागतोय, छातीत दुखतंय, घरातलं माणूस गोंधळल्यासारखं बोलतंय, ऑक्सिमीटर वारंवार ९४ च्या खाली दाखवतोय, किंवा ताप तीन दिवसांनंतरही उतरत नाहीये. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा आणि हात गरम असू द्या, नाहीतर आकडा उगाच घाबरवतो.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, पण दोन मिनिटांच्या आत हं! पुढच्या भागात खोकल्याच्या औषधांबद्दल बोलू. चला, मी आता गरम पाणी पितो.